ब्लॉक केलं तरी येतच राहणारे मेसेज : आत्याच्या फोनचं प्रकरण

सिलिंडरवाला दारात उभा होता आणि डिलिव्हरी कोड काही केल्या फोनवर येत नव्हता. आत्याने गॅस बुक केला की कोड मेसेजने येतो आणि तो सांगितल्याशिवाय डिलिव्हरीची नोंद होत नाही. या वेळी मेसेजच नाही. तिने एजन्सीत फोन केला, तिथून कोड पाठवल्याचं सांगितलं. पुन्हा पाठवला, पुन्हा नाही. शेवटी शेजाऱ्यांनी मध्यस्थी करून काम भागवलं आणि संध्याकाळी आत्याने मला फोन केला, "अरे, माझा फोन बिघडलाय बहुतेक. नको ते सगळं येतं आणि हवं ते येत नाही."

फोन ठीक होता. आत्या नाशिकला एकटी राहते आणि शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाली आहे. कागदपत्रांत ती चोख आहे. जाहिरातींच्या मेसेजना कंटाळून तिने महिनोन्‌महिने एकच उपाय चालवला होता. नको असलेला मेसेज दिसला की तो धरून ठेवायचा आणि ब्लॉक करायचा. त्या भरात गॅस कंपनीचं नावही एकदा ब्लॉक झालं होतं. कोड येत होता, पण थेट ब्लॉक केलेल्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडत होता. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ते प्लॉटवाले आणि कर्जवाले मात्र रोज येतच होते.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण आत्याने जे केलं तेच बहुतेक घरांत केलं जातं. डीएनडीची, म्हणजे जाहिराती नकोत अशी मोबाईल कंपनीकडची नोंद, तक्रार आणि फोनवरचं ब्लॉक ही तीन वेगवेगळी कामं आहेत. ती एकमेकांच्या जागी वापरली किंवा उलट्या क्रमाने केली, की तिन्ही वाया जातात.

आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं

नाशिकला गेल्यावर मी फोनमधला एकही मेसेज पुसू दिला नाही. आत्याला बाजूला बसवलं आणि मेसेजचा मजकूर सोडून फक्त वरचं नाव वाचायला सांगितलं.

कंपन्यांकडून येणाऱ्या मेसेजच्या वर साधा दहा आकडी नंबर नसतो, तिथे हेडर असतो. समजा, प्लॉट विकणाऱ्याचा हेडर PQRSTU आहे (खरा हेडर इथे देत नाही). फोनवर तो `VM-PQRSTU-P` असा दिसतो. मधली अक्षरं ही पाठवणाऱ्या संस्थेची नोंदणीकृत ओळख. सुरुवातीच्या दोन अक्षरांपैकी पहिलं मोबाईल कंपनीचं आणि दुसरं सर्कलचं, म्हणजे मोबाईल सेवेच्या विभागाचं असतं. M म्हणजे मुंबई, Z म्हणजे महाराष्ट्र, D म्हणजे दिल्ली. संस्थेने मेसेज कोणत्या कंपनीमार्फत आणि कोणत्या सर्कलमधून सोडला, ते या दोन अक्षरांवरून कळतं. ज्याला मेसेज मिळाला त्याच्याशी या अक्षरांचा संबंध नाही. शेवटचं अक्षर 2025 पासून दिसायला लागलं आणि ते सर्वांत कामाचं आहे. P म्हणजे जाहिरात, S म्हणजे सेवेचा मेसेज, T म्हणजे व्यवहाराचा, जसा ओटीपी, आणि G म्हणजे सरकारी.

आत्याच्या फोनमध्ये प्लॉटवाल्याच्या त्याच हेडरचे मेसेज `VM-`, `JD-`, `AD-`, `VK-` अशा निरनिराळ्या सुरुवातींनी आले होते. फोनच्या दृष्टीने हे सगळे वेगवेगळे पाठवणारे आहेत. तिने `VM-` वालं ब्लॉक केलं की पुढच्या आठवड्यात तोच मजकूर `JD-` ने यायचा. "मी याला चारदा ब्लॉक केलंय," ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. चारही वेळा तिने वेगळं नाव ब्लॉक केलं होतं. गॅस कंपनीचं मात्र एकच नाव नेहमी येत होतं, त्यामुळे ते एकदाच ब्लॉक होऊन कायमचं बंद झालं. जाहिरातदार निसटतो आणि गरजेचा अडकतो, असं होण्याचं कारण एवढंच आहे.

हेडर कुणाच्या नावावर आहे ते ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या `smsheader.trai.gov.in` या पानावर बघता येतं. तिथे सुरुवातीची दोन अक्षरं आणि शेवटचं अक्षर सोडून फक्त मधली ओळख टाकायची. आम्ही फोनमधले सगळे अनोळखी हेडर एकेक करून टाकले. तीन हेडरची दुकानं आत्याला ओळखीची निघाली, त्यांतलं एक तिच्या नेहमीच्या सराफाचं. प्लॉटवाल्याची कंपनी तिने कधी ऐकलीही नव्हती.

डीएनडी होतं, पण दुसऱ्या सिमवर

"डीएनडी तर माझं केव्हाच केलंय," आत्या म्हणाली. माझ्या वडिलांनी काही वर्षांपूर्वी तिच्याच फोनवरून 1909 या डीएनडीच्या नंबरला मेसेज केल्याचं तिला आठवत होतं. मग इतक्या जाहिराती कशा येतात?

तिच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. बँक, गॅस, आधार, नातेवाईक सगळे पहिल्या सिमवर. दुसरं सिम इंटरनेटसाठी घेतलेलं. आम्ही पहिल्या सिमच्या मोबाईल कंपनीच्या ॲपमध्ये डीएनडीची स्थिती पाहिली, तर तिथे कसलीच नोंद नव्हती. दुसऱ्या सिमवर मात्र पूर्ण बंदी चालू होती. फोनच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्यासाठी दुसरं सिम निवडलेलं होतं आणि 1909 चा मेसेज त्या वेळी तिथूनच गेला होता. 1909 ला मेसेज ज्या नंबरवरून जातो त्याच नंबरची नोंद होते. दोन सिमच्या फोनमध्ये ही चूक फार सहज होते आणि नंतर कुणी बघायलाही जात नाही.

आता पहिलं सिम निवडून तिने स्वतःच मेसेज पाठवला:

```
START 0
```

शून्याचा अर्थ सर्व प्रकारच्या जाहिराती बंद. शून्याऐवजी दुसरा आकडा पाठवून एखादा प्रकार चालूही ठेवता येतो. 1 म्हणजे बँक, विमा, कर्ज आणि क्रेडिट कार्ड, 2 म्हणजे जमीन आणि घरं, 3 शिक्षण, 4 आरोग्य, असे पुढे. आत्याला काहीच नको होतं. मेसेज मोफत जातो आणि 1909 ला फोन करूनही नोंद करता येते. पण पुष्टीचा मेसेज येईपर्यंत नोंद झाली असं धरू नये. तिचा पुष्टीचा मेसेज आल्यावर आम्ही तो जपून ठेवला. त्यावरची तारीख पुढे उपयोगी पडली.

एक गैरसमज इथेच दूर करतो. डीएनडी फक्त जाहिराती रोखतं. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज, गॅसचा कोड, रेल्वेच्या तिकिटाचा मेसेज यांच्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. पूर्ण बंदी लावली तर बँकेचे मेसेज बंद होतील या भीतीने अनेक जण नोंदच करत नाहीत. आत्याच्या शेजारच्या काकूही त्याच भीतीने थांबल्या होत्या.

प्लॉटवाला

नोंदीच्या आधी, माझ्या उत्साहात आम्ही प्लॉटवाल्याविरुद्ध एक तक्रार पाठवून दिली होती. काही दिवसांनी ती बंद झाल्याचं उत्तर आलं. कारण असं की, मेसेज आला त्या दिवशी या नंबरवर जाहिरातींची बंदी नव्हती. आत्या चिडली, पण उत्तर नियमाला धरून होतं. ट्रायचे या विषयातले 2018 चे नियम असे की, नोंदणी केलेली संस्था तुमच्या पसंतीप्रमाणे जाहिरात पाठवू शकते. पसंती नोंदवलेलीच नसेल, तर तिने नियम मोडला असं म्हणता येत नाही. म्हणून अशा हेडरच्या बाबतीत आधी डीएनडीची नोंद आणि मग तक्रार, असा क्रम ठेवावा लागतो.

नोंद झाल्यावरही प्लॉटवाल्याचे मेसेज थांबले नाहीत. या वेळी तारीख आत्याच्या बाजूने होती. तिने तक्रार अशी लिहिली:

```
Plots near highway, limited offer, call now, VM-PQRSTU-P, 14/06/25
```

आधी मेसेजचा मजकूर किंवा त्याचा सारांश, मग स्वल्पविराम आणि पाठवणाऱ्याचं नाव जसं दिसतं तसं, मग स्वल्पविराम आणि मेसेज आल्याची तारीख. हे सगळं 1909 ला, ज्या सिमवर मेसेज आला त्याच सिमवरून. तारीख तक्रार करण्याच्या दिवसाची लिहायची नाही, मेसेज आला त्या दिवसाची लिहायची. आत्या शाळेतल्या सवयीने आजची तारीख घालत होती, ती मी बदलायला लावली. तक्रार मेसेज मिळाल्यापासून सात दिवसांत जायला हवी. आधी ही मुदत तीन दिवसांची होती, फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीने ती वाढली. महिनाभराचे मेसेज साठवून एकदम तक्रार करायला बसणाऱ्यांच्या जुन्या तक्रारी म्हणूनच पडतात.

हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर ट्रायचं डीएनडी ॲप आहे. ते फोनमधले मेसेज वाचून यादी दाखवतं, आपण एक निवडायचा आणि नाव, तारीख, मजकूर ते आपोआप भरतं. मोबाईल कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्येही तक्रारीची सोय असते. आत्याने मात्र मेसेजचीच पद्धत धरली. ॲपला सगळे मेसेज वाचायची परवानगी द्यावी लागते ते तिला आवडलं नाही, आणि लिहून पाठवलेली तक्रार फोनमध्ये नोंद म्हणून राहते हे तिला जास्त पटलं. तक्रारीचा क्रमांक उलट मेसेजने येतो. तो तिने वहीत तारखेसकट उतरवला.

दुसऱ्या तक्रारीचं उत्तर वेगळं आलं. तक्रार ग्राह्य धरली होती आणि पाठवणाऱ्यावर कारवाई केल्याचं कळवलं होतं. प्लॉटवाल्याचा `-P` मेसेज त्यानंतर आला नाही. ब्लॉक करून जे कित्येक महिन्यांत झालं नव्हतं ते इथे झालं, कारण तक्रार मधल्या ओळखीवर नोंदली जाते. सुरुवातीची दोन अक्षरं कितीही बदलली तरी हेडर तोच राहतो आणि मोबाईल कंपनीला तो कुणाचा आहे ते माहीत असतं.

सराफाचं थोडं निराळं होतं. त्याच्या दुकानात आत्याने भिशीचा फॉर्म भरताना नंबर दिला होता आणि ऑफर कळवायला संमतीही दिली होती. आपण स्वतः दिलेली संमती डीएनडीच्या वरचढ ठरते. अशा वेळी तक्रारीपेक्षा संमती काढून घेणं सरळ पडतं. जाहिरातीच्या मेसेजमध्येच नको म्हणण्याची सोय देणं आता पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे. आत्याने ती वापरली आणि सराफाचे मेसेज थांबले. मात्र ही सोय ओळखीच्या हेडरच्या मेसेजमध्येच वापरावी. दहा आकडी नंबरावरून आलेल्या मेसेजमध्ये "बंद करण्यासाठी इथे दाबा" असं लिहिलेलं असेल तर त्या लिंकला हात लावू नये.

आणखी एक मेसेज मला जास्त खटकला. एका हेडरवरून, शेवटी `-S` लावून, "तुमचं कर्ज मंजूर झालं आहे, आजच घ्या" असा मजकूर आला होता. S हे सेवेच्या मेसेजसाठी आहे. आत्याने कुठलंही कर्ज मागितलं नव्हतं, म्हणजे ही जाहिरातच होती आणि ती डीएनडी चुकवून आत यावी म्हणून सेवेच्या दारातून पाठवली होती. असे मेसेज तक्रारीला सर्वांत योग्य असतात, कारण शेवटचं अक्षर आणि मजकूर यांचा मेळ बसत नाही हे वाचताक्षणी दिसतं. तक्रारीत आत्याने मजकूर थोडक्यात न लिहिता पूर्ण उतरवला, म्हणजे तपासणाऱ्यालाही ते दिसेल.

"आज रात्री वीज तोडली जाईल"

आता यातला खरा धोका. जाहिरातींच्या गर्दीत एक मेसेज असा होता की, मागच्या महिन्याचं बिल अद्ययावत झालेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा तोडला जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याच्या नंबरवर फोन करा. पाठवणारा दहा आकडी मोबाईल नंबर होता. आत्याने फोन केला नव्हता, पण बिल भरल्याची पावती शोधून ठेवली होती आणि ती रात्र तिने अस्वस्थ काढली.

असल्या मेसेजमध्ये काय बघायचं ते आता तिला पाठ झालं आहे. महावितरणचे मेसेज `VM-MSEDCL`, `JM-MSEDCL` अशा हेडरने येतात, कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवरून येत नाहीत. आणि थकबाकी असेल तर ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपमध्ये ती दिसतेच. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस बहुधा एक ॲप उतरवायला सांगतो, त्यातून फोनचा पडदा त्याला दिसायला लागतो, मग "फक्त दहा रुपये भरून खातं अद्ययावत करा" म्हणतो आणि पिन किंवा ओटीपी टाकताना सगळं वाचतो. पैसे त्यानंतर जातात.

या मेसेजची तक्रारही 1909 वर करता येते आणि इथे डीएनडीची नोंद असायची गरज नाही. नोंदणी न केलेल्या साध्या नंबरावरून जाहिरात किंवा धंद्याचा मेसेज आला तर डीएनडी नसलेल्यालाही तक्रार करता येते, ही 2025 च्या दुरुस्तीतली मोठी सुधारणा आहे. अशा नंबरावर कारवाई करायची मुदतही 30 दिवसांवरून 5 दिवसांवर आली. पण कारवाईला एक अट आहे. एका तक्रारीवर नंबर बंद होत नाही. दहा दिवसांत पाच जणांकडून तक्रारी आल्या तर कारवाईची पायरी येते. पूर्वी सात दिवसांत दहा जण लागत. पहिल्या वेळी त्या नंबरची बाहेर जाणारी सेवा बंद होते. तोच माणूस पुन्हा सापडला तर सगळ्या कंपन्यांतले त्याचे नंबर वर्षभरासाठी तोडले जातात.

म्हणून आत्याच्या सोसायटीत मी एक साधी गोष्ट करायला सांगितली. तो मेसेज आणखी काही घरांत आला होता आणि सोसायटीच्या ग्रुपवर तो "सावधान" असं लिहून पुढे फिरत होता. पुढे पाठवल्याने सावधगिरी होते, तक्रार होत नाही. ज्याच्या नंबरवर मेसेज आला, त्याने स्वतःच्या त्याच नंबरवरून 1909 ला तक्रार करावी लागते. आत्याने ग्रुपवर तक्रारीचा नमुना टाकला आणि शेजारच्या काकूंना शेजारी बसून त्यांच्या फोनवरून पाठवायला लावला. दुपारपर्यंत काही जणांनी पाठवल्याचं कळवलं. हे ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून कौतुक वाटतं. स्वतःचं काही गेलेलं नसताना एवढा वेळ काढायला माणसं सहसा तयार नसतात.

फसवणुकीच्या मेसेजसाठी दुसरं ठिकाण म्हणजे दूरसंचार विभागाची चक्षू सोय. ती मार्च 2024 मध्ये सुरू झाली आणि `sancharsaathi.gov.in` वर किंवा संचार साथी ॲपमध्ये मिळते. तिथे मेसेज, फोन की व्हॉट्सॲप हे निवडायचं, फसवणुकीचा प्रकार निवडायचा, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ भरायची, पडद्याचा फोटो जोडायचा आणि आपल्या नंबरवर आलेला ओटीपी टाकून पाठवायचं. फसवणुकीच्या प्रकारांत वीज, गॅस, बँक यांच्या केवायसीचं नाव सांगणारे मेसेज येतात आणि आत्याचा मेसेज त्यातच बसत होता. संशयित नंबरच्या जोडणीची इथे पुन्हा पडताळणी होते आणि त्यात नंबर टिकला नाही तर तो बंद होतो. 1909 हे नको असलेल्या धंद्याच्या मेसेजसाठी आहे, चक्षू हे फसवणुकीच्या प्रयत्नासाठी. वीज तोडण्याचा मेसेज दोन्हीत बसतो, म्हणून आम्ही दोन्हीकडे दिला.

पैसे गेले असतील तर मात्र या दोन्हींवर वेळ घालवायचा नाही. तिथे लगेच 1930 ला फोन करायचा आणि `cybercrime.gov.in` वर नोंद करायची. पैसे पुढच्या खात्यांत सरकत जाण्याआधी अडवता येतात का, ते सगळं पहिल्या काही तासांवर अवलंबून असतं. 1909, चक्षू आणि 1930 ही तीन ठिकाणं कशासाठी आहेत ते आत्याने फ्रिजवर लिहून लावलं आहे.

ब्लॉक, सगळ्यात शेवटी

तक्रारी गेल्यावर, त्यांचे क्रमांक वहीत आल्यावर, मगच आम्ही ब्लॉककडे वळलो. क्रम असा ठेवण्याचं कारण रोखठोक आहे. ब्लॉक केलेला मेसेज नजरेआड जातो, मग तारीख आठवत नाही आणि सात दिवस निघून जातात. आयफोनवर तर "जंक म्हणून कळवा" दाबलं की मेसेज पुसलाही जातो, आणि मग तक्रारीत लिहायला मजकूरच उरत नाही. शिवाय फोनमधलं "स्पॅम म्हणून कळवा" हे बटण ट्रायच्या नोंदीपर्यंत जात नाही. ते दाबल्यावर तक्रार झाली असं आत्याला इतके दिवस वाटत होतं, आणि तसं वाटणारे खूप लोक मी पाहिले आहेत.

आधी उलटं काम केलं. तिच्या अँड्रॉइड फोनवर गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये वरच्या मेन्यूतून "स्पॅम आणि ब्लॉक केलेले" उघडलं. तिथे गॅसचे सगळे कोड ओळीने पडलेले होते आणि त्यांच्याबरोबर तिच्या बँकेचाही एक हेडर, `-S` वाला. कुठल्याशा एफडीच्या जाहिरातीवर चिडून तिने तो ब्लॉक केला असावा. दोन्ही मोकळे केले. ब्लॉक करायची सवय असलेल्या प्रत्येकाने हा फोल्डर महिन्यातून एकदा तरी उघडून बघावा असं माझं ठाम मत आहे. त्यातही शेवटी `-T` किंवा `-S` असलेली नावं आधी तपासावीत.

मग ब्लॉक कुणाला करायचं ते ठरवलं. दहा आकडी नंबरवरून येणाऱ्या फसव्या मेसेजना, कारण तिथे नंबर हीच ओळख असते आणि तो माणूस त्याच नंबरवरून पुन्हा फोनही करू शकतो. मेसेज धरून ठेवला की वर ब्लॉकचं चिन्ह येतं. तो नंबर मग फोनही करू शकत नाही आणि त्याचे मेसेजही समोर येत नाहीत. जाहिरातीच्या हेडरना आम्ही ब्लॉक केलं नाही. डीएनडीनंतरही `-P` आला तर तो दिसायला हवा, म्हणजे तक्रार करता येते.

काही फोनमध्ये शब्दावरून मेसेज अडवायची सोय असते आणि सुरुवातीची दोन अक्षरं बदलत राहणाऱ्या हेडरवर तो उपाय वाटतो खरा. आत्याच्या शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये ती सोय होती आणि त्यांनी "loan" हा शब्द टाकला होता. त्यांच्या मुलाच्या घराच्या कर्जाचा हप्ता त्यांच्या खात्यातून जातो. हप्ता कापल्याचा बँकेचा मेसेजही त्याच शब्दामुळे अडकत होता, हे त्या दिवशी कळलं. शब्द टाकायचाच असेल तर तो इतका नेमका हवा की बँक, वीज, गॅस यांच्या मेसेजमध्ये तो येणारच नाही. असा शब्द सापडत नसेल तर सोय बंद ठेवलेली बरी. काकूंनी तो शब्द तिथेच काढून टाकला.

पुढे काय झालं

`-P` चे मेसेज जवळजवळ थांबले. अधूनमधून एखादा नवा हेडर येतो. आत्या त्याच दिवशी तक्रार करते आणि वहीत क्रमांक लिहिते. `-S` च्या आडून येणाऱ्या जाहिराती कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. कर्जवाल्याच्या तक्रारीचं एक उत्तर "मेसेज सेवेचा आहे" असंही आलं. तिथे तिने तक्रारीच्या क्रमांकासकट मोबाईल कंपनीच्या अपील विभागाकडे लिहिलं आहे आणि मजकूर पूर्ण जोडला आहे. उत्तराची वाट बघते आहे.

दहा आकडी नंबरावरून फसवे मेसेज अजून येतात. नंबर बंद झाला तरी पाठवणारा दुसरं सिम काढतो, आणि तिथे डीएनडीचा काही उपयोग नाही, कारण त्याने नियम पाळायचं ठरवलेलंच नसतं. वीज तोडण्याचा मेसेज आला तो नंबर आता लागत नाही. तक्रारींमुळे बंद झाला की त्याने स्वतःच टाकून दिला, ते बाहेरून कळायला मार्ग नाही.

आणि बराचसा कचरा आता व्हॉट्सॲपवर सरकला आहे. घरबसल्या कमाई, शेअरचे ग्रुप, कुरिअर अडकल्याचे निरोप असं सगळं. डीएनडीची नोंद आणि 1909 ही व्यवस्था मोबाईल कंपन्यांच्या कॉल आणि मेसेजसाठी आहे, इंटरनेटवरून येणारा व्हॉट्सॲप मेसेज तिच्या कक्षेत येत नाही. तिथे चक्षू चालतं, आणि व्हॉट्सॲपमधलं ब्लॉक व रिपोर्ट. परवा तिला अनोळखी परदेशी नंबरवरून एका शेअरच्या ग्रुपमध्ये टाकलं गेलं. तिने ग्रुपचा आणि टाकणाऱ्याच्या नंबरचा फोटो घेतला, चक्षूवर व्हॉट्सॲप हा प्रकार निवडून तो दिला, ग्रुप रिपोर्ट करून सोडला आणि ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं याची सेटिंग बदलून फक्त संपर्कातल्या लोकांपुरती केली. मग मला फोन करून विचारलं, "काकूंचं पण आत्ताच बदलून देऊ ना?"